दिवसाही इथे, रात्रीही इथे

सिग्मंड फ्रॉइड यांच्या 1905 सालच्या एका पुस्तकात, तळटीपेत, तीन वर्षांच्या एका मुलाची छोटीशी हकिगत आहे. मुलगा काळोख्या खोलीत पडलेला आणि मावशी बाहेर. भीती वाटतेय, काहीतरी बोल, असं तो तिला आतून सांगत होता. मी बोलून काय होणार, मी तुला दिसत तर नाही ना, असं मावशीने विचारलं. त्यावर पोराने सांगून टाकलं, की कोणी बोललं की उजेड होतो. फ्रॉइड यांनी यावरून निष्कर्ष काढला, की मुलाला अंधाराची भीती नसते, जवळचं माणूस जवळ नसल्याची असते. त्यांच्या बाकीच्या सिद्धान्तांवर पुढे शंभर वर्षं वाद झाले. या तळटीपेतलं निरीक्षण मात्र लहान मूल असलेल्या कोणत्याही घरात आजही पडताळून पाहता येतं.

दीड वर्षाचं मूल दिवा मालवल्यावर फारशी कुरकुर न करता झोपतं. तेच मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की एका रात्री अचानक दारातल्या अंधाराकडे बोट दाखवून रडायला लागतं. घरातल्यांना वाटतं, कोणीतरी घाबरवलं असेल. तसं काही घडलेलं असेलच असं नाही. या वयात मुलाला समोर नसलेली गोष्ट डोळ्यांपुढे आणता येऊ लागते. दुपारी चित्रात पाहिलेला वाघ रात्री मनात पुन्हा उभा करता येतो. हा वाघ मनातला आणि तो चित्रातला, ही विभागणी करण्याइतकी समज अजून आलेली नसते. दिवसा डोळे मदतीला असतात, खुर्चीवर वाघ नसून टॉवेल आहे हे दिसतं. रात्री ती सोय बंद होते आणि सगळा कारभार कानांकडे जातो. मग फ्रिजची घरघर, पालीची चुकचुक, खिडकीच्या पडद्याची सळसळ, या प्रत्येक आवाजाला मूल आपल्या मनातून एक तोंड चिकटवतं.

त्यात आपण मोठी माणसं भर घालतो. दुपारी वरणभाताचा घास जावा म्हणून ज्या बागुलबुवाला दाराआड उभं केलं, तो रात्री आपोआप परत जात नाही. ‘बुवा-बिवा काही नसतो’ हे रात्री दहाला सांगताना दुपारी एकला आपणच त्याला हाक मारली होती, हे मुलाच्या लक्षात असतं.

अशा मुलासाठी झोपताना सांगायची गोष्ट कशी असावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘तेच तेच शब्द असलेली, शांत करणारी गोष्ट सांगा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण पुनरावृत्ती असली की गोष्ट शांत होतेच असं नाही. आपल्याकडच्याच दोन गोष्टी पाहा. लेकीकडून परत निघालेली म्हातारी भोपळ्यात बसते, वाटेत वाघ-कोल्हे अडवतात, आणि भोपळा पुन्हा पुन्हा पळत सुटतो. पुनरावृत्ती भरपूर, पण प्रत्येक फेरीत धोका वाढतो आणि मूल अंथरुणात उठून बसतं. गोष्ट उत्तमच आहे, पण संध्याकाळी सहाची. कावळा-चिमणीच्या गोष्टीची घडण वेगळी. पावसात भिजलेला कावळा दार उघडायला सांगतो आणि चिमणी दर वेळी बाळाचं एक एक काम पुढे करते. अंघोळ, अंग पुसणं, कपडे, काजळ, झोपवणं. दाराबाहेर तोच प्रश्न आणि दाराआत झोपेकडे चाललेलं बाळ. झोपवणाऱ्या गोष्टीचा इतका चांगला सांगाडा दुसरीकडे क्वचित सापडेल. पण अनेक घरांत शेवटी कावळ्याला तव्यावर बसवून चटका देतात, आणि डोळे मिटत आलेलं मूल विचारतं, ‘मग काय झालं? भाजलं का त्याला?’

म्हणजे पुनरावृत्ती दोन प्रकारची असते, चढती आणि उतरती. चढती प्रत्येक फेरीला काहीतरी वाढवते, उतरती प्रत्येक फेरीला काहीतरी कमी करते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला रात्री हवी ती उतरती.

याचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे ‘गुडनाइट मून’. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी घरांत मुलाच्या पहिल्या पुस्तकांत ते हमखास असतं. मार्गारेट वाइज ब्राउन यांनी लिहिलेलं आणि क्लेमंट हर्ड यांनी चित्रं काढलेलं हे पुस्तक 1947 साली आलं. मजकूर जेमतेम 130 शब्दांचा. आधी खोलीतल्या वस्तूंची नावं येतात आणि मग त्यांतल्या एकेकीचा निरोप घेतला जातो. बस, एवढीच गोष्ट. मोठ्यांना ही गोष्टच वाटत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर 1972पर्यंत ते पुस्तक घेतलंच नव्हतं. खरी कारागिरी चित्रांत आहे. पान उलटत जातं तशी खोली थोडी थोडी अंधारते, खिडकीत चंद्र वर येतो आणि चित्रातलं घड्याळ सातपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत पुढे सरकतं. खोली काळोखी होते, तरी त्यातल्या ओळखीच्या वस्तू तिथेच राहतात. अंधाराला भिणाऱ्या मुलाला नेमकं हेच कळायला हवं असतं.

तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागण्याचा मुलांचा हट्ट मोठ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. गोष्टींतले नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. तरीही ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पुढे काय होणार हे एकदा ठाऊक झालं की मुलाचं लक्ष कथानक सांभाळण्यातून मोकळं होतं. प्रयोग शब्द शिकण्याबद्दलचा होता, झोपेबद्दलचा नव्हे. पण दहाव्यांदा ऐकलेल्या गोष्टीत मूल सैल का पडतं, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पुढचं सगळं माहीत असलेल्या गोष्टीत दचकण्यासारखं काही उरत नाही.

आता प्रत्यक्ष एक गोष्ट घेऊ. मूल तीन वर्षांचं, दोन खोल्यांचं घर, आईबाबांजवळ एकाच खोलीत झोपणारं, आणि दिवा मालवला की ‘तो कसला आवाज?’ म्हणून विचारणारं. त्याच्यासाठी अशी गोष्ट चालेल.

एक होता मनू. मनूच्या घरी रात्र झाली. आईने दिवा मालवला.

भर्र… भर्र… भर्र…
‘कोण आहे?’ मनूने विचारलं.
‘मी पंखा. दिवसाही इथे, रात्रीही इथे.’
‘बरं,’ म्हणाला मनू. आणि मनूने पाय पांघरुणात घेतले.

टप्… टप्… टप्…
‘कोण आहे?’ मनूने विचारलं.
‘मी नळ. दिवसाही इथे, रात्रीही इथे.’
‘बरं,’ म्हणाला मनू. आणि मनूने डोकं उशीवर टेकलं.

सळ… सळ…
‘कोण आहे?’
‘मी पडदा. दिवसाही इथे, रात्रीही इथे.’
‘बरं.’ मनूने हात पोटावर ठेवला.

हूं… हूं…
‘कोण?’
‘मी आई. रात्रभर इथे.’
‘बरं.’ मनूने डोळे मिटले.

पंखा इथे. नळ इथे. पडदा इथे. आई इथे. मनू इथे.
पंखा… पडदा… आई… मनू…
आई… मनू…
मनू.

गोष्ट इथे संपते. छापली तर अर्धं पान भरेल, सावकाश सांगितली तर तीन-चार मिनिटं जातील. आता तिच्यात काय काय केलं आहे ते पाहू, कारण हेच करून प्रत्येक घराला आपली गोष्ट बांधता येते.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज खरे आहेत. पंखा, नळ, पडदा हे त्या मुलाच्याच खोलीतले. गोष्ट ऐकून झाल्यावर रात्री पंखा खरोखर भर्र करतो, तेव्हा गोष्टच पुढे चालू राहते. म्हणून आवाज निवडताना कल्पना लढवू नये. ज्या घराखालून लोकल जाते तिथे लोकल हवी, जिथे रात्री रातकिडे ओरडतात तिथे रातकिडे, जिथे गुरखा काठी आपटत फिरतो तिथे काठी. मूल ज्या आवाजाला दचकतं तो गोष्टीत यायलाच हवा, पण पहिला नको आणि शेवटचाही नको. मध्ये ठेवावा. एखाद-दोन ओळखीच्या आवाजांनी ‘बरं’ म्हणायची सवय लागली, की भीतीचा आवाजही त्याच ओघात निघून जातो.

दुसरं, मनू कोणाशी लढत नाही. तलवार घेऊन राक्षसाला पळवणारा शूर बाळ ही कल्पना आईबाबांना फार आवडते. पण राक्षसाला पळवायचं तर आधी तो आणावा लागतो, आणि एकदा आलेला राक्षस गोष्ट संपल्यावर गेलाच असेल याची खात्री तीन वर्षांच्या मुलाला कोण देणार? पलंगाखाली टॉर्च मारून ‘बघ, कोणी नाही’ म्हणण्याचंही तसंच. रोज रात्री मोठा माणूस वाकून तपासणी करतो, म्हणजे तपासण्यासारखं काहीतरी असणार, असा हिशेब मूल करतं. या गोष्टीत तपासणी नाही. फक्त ओळख करून दिली आहे.

तिसरं, प्रत्येक फेरीत मनूच्या शरीराचं एक काम आहे. पाय, डोकं, हात, डोळे. ऐकणारं मूल न सांगता तेच करतं. ‘आता डोळे मीट बघू’ हा हुकूम मुलाला लगेच कळतो आणि ते नेमकं उलट करतं. मनूने डोळे मिटले, ही मात्र मनूची बातमी असते.

आणि चौथं, उतार. पहिल्या दोन फेऱ्या सारख्याच लांबीच्या आहेत, म्हणजे मुलाला साचा पाठ होतो. तिसऱ्या फेरीपासून शब्द गळू लागतात. ‘मनूने विचारलं’ जातं, ‘म्हणाला मनू’ जातं, मग ‘आहे’ जातं. शेवटी नुसती नावं उरतात. सांगणाऱ्याने आवाजही तसाच खाली आणायचा आणि दोन ओळींमधली शांतता वाढवत न्यायची. शेवटच्या चार ओळी मुलाच्या श्वासाबरोबर सांगाव्यात, ते श्वास सोडेल तेव्हा एक नाव. मूल कधी कधी मध्येच झोपतं. तेव्हा उरलेली गोष्ट कुजबुजत पूर्ण करावी. एकदम थांबलेला आवाज अर्धवट झोपेतल्या मुलाला जागं करू शकतो.

एका ओळीवर मात्र थोडं थांबायला हवं. पंखा, नळ आणि पडदा ‘दिवसाही इथे, रात्रीही इथे’ म्हणतात. आई फक्त ‘रात्रभर इथे’ म्हणते. हा बदल लयीसाठी केलेला नाही. आई दिवसा कामाला जात असेल आणि मूल पाळणाघरात असेल, तर पहिलं वाक्य खोटं ठरतं आणि मुलाला ते रोज सकाळी कळतं. तशीच अडचण वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलाची. मूल झोपल्यावर आई उठून जाणार असेल तर ‘रात्रभर इथे’ हे आश्वासन मध्यरात्री दोन वाजता मोडतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल झोपतच नाही, पहारा देत बसतं. तिथे ओळ अशी हवी: ‘मी आई. भिंतीपलीकडे. हाक मारली की ओ देते.’ मग हाकेला ओ मात्र खरोखर द्यायला हवी. गोष्ट आजी सांगत असेल तर आजी स्वतःचं नाव घालील. जे माणूस रात्री खरंच जवळ असणार त्याचंच नाव गोष्टीत असावं, एवढा एकच नियम.

बिघडतं कुठे, तेही पाहू. सर्वांत जास्त बिघडतं सांगणाऱ्याच्या उत्साहामुळे. ‘कोण आहे?’ हा प्रश्न नाटकी, घाबऱ्या आवाजात विचारला की गोष्ट भुताची होते. तो शेजारणीला विचारावा तसा साधा विचारायचा. दुसरा बिघाड प्रश्नांचा. ‘सांग बरं, आता कोण येणार?’ असं विचारलं की मूल उत्तर देण्यासाठी जागं होतं. दिवसा हे जरूर विचारावं, रात्री नको. मूल स्वतःहून ‘दिवसाही इथे’ म्हणू लागलं तर म्हणू द्यावं. ते ओरडून म्हणायला लागलं, तर सांगणाऱ्याने आपला आवाज आणखी खाली आणावा. ऐकू यावं म्हणून मूलही आवाज उतरवतं.

‘अजून एकदा’ची मागणी तर येणारच. गोष्ट सुरू करण्याआधीच ‘दोनदा सांगणार’ असं ठरवून टाकावं. दुसऱ्या वेळी अर्ध्या आवाजात, फक्त आवाज आणि नावं. तिसऱ्यांदा मागणी आली तर नवीन गोष्ट काढू नये. नवीन गोष्ट मिळते हे कळलं, की भीती हे जागं राहण्याचं साधन होतं. मूल खरंच घाबरलं आहे की फक्त लांबण लावतंय, हे ओळखायची खूण साधी आहे. घाबरलेलं मूल माणूस मागतं, लांबण लावणारं मूल पाणी, शू, दुसरी उशी असं काय काय मागत राहतं.

उजेडाचं काय? मोबाइलवर पुस्तक उघडून गोष्ट वाचली तर अर्धं काम उलटं होतं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात मोनिक लबुर्जुआ यांच्या गटाने 2018 साली दाखवलं, की झोपेआधी तासभर प्रखर उजेडात बसलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, सुमारे 88 टक्क्यांनी खाली आलं. प्रयोगातली मुलं मोजकीच होती. पण याच गटाला पुढे मंद उजेडातही बरीच घट आढळली. तेव्हा गोष्ट पाठ असावी आणि अंधारात सांगावी. अगदीच नाही जमलं तर जमिनीलगत, मुलाच्या डोळ्यांत न येणारा, पिवळसर मिणमिणता दिवा ठेवावा. ट्यूबलाइट चालू ठेवून झोपवणं ही सोय वाटते, पण त्या मुलाची अंधाराशी ओळख कधीच होत नाही.

ओळख दिवसाही करून देता येते, आणि खरं तर तिथेच जास्त काम होतं. दुपारी पडदे लावून आई-बाबांबरोबर चादरीच्या तंबूत बसणं, दिवा बंद करून आवाज ओळखण्याचा खेळ खेळणं, पंखा बंद-चालू करून त्याचा भर्र ऐकणं. गोष्टीतला नळ दिवसा मुलाच्या हाताने उघडून बंद केलेला असला, तर रात्री तो परका राहत नाही.

इस्रायलमधले झोपेचे संशोधक अवी सादेह यांनी योनातान कुशनीर यांच्यासोबत याच धाग्याचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. रात्री घाबरणाऱ्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक कापडी कुत्रा दिला. काही मुलांना सांगितलं, हा तुझं रक्षण करील. काहींना सांगितलं, हा बिचारा घाबरतो, याची काळजी तू घे. दोन्ही प्रकारांनी भीती कमी झाली. मनूची गोष्ट आठवडाभर रुळल्यावर ती एखाद्या बाहुलीला सांगायची जबाबदारी मुलावर टाकून पाहावी ती यासाठी. मात्र तो अभ्यास चार वर्षांपुढच्या मुलांचा होता. अडीच वर्षांचं मूल बाहुलीची समजूत घालीलच असं नाही, आणि तसं झालं तर आग्रह धरू नये.

गोष्ट कुठे निरुपयोगी, हेही माहीत हवं. काही मुलं झोप लागल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळत उठून बसतात, डोळे उघडे, घाम फुटलेला, पण समोरच्या आईला ओळखत नाहीत आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. ही अंधाराची भीती नव्हे, गाढ झोपेतला अर्धवट जागेपणा आहे. तिथे गोष्ट सांगू नये, मुलाला हलवून उठवूही नये. लागू-पडू नये एवढं पाहून शांत बसावं, ते पुन्हा झोपतं. पहाटेकडे वाईट स्वप्न पडून जागं झालेलं मूल मात्र आईला ओळखतं, बिलगतं. त्याला जवळ घेऊन शेवटच्या चार ओळी पुरतात. भीती महिनोन्‌महिने टिकली, दिवसाही मूल एकटं खोलीत जाईना, किंवा घोरणं आणि तोंडाने श्वास घेणं सोबत असलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

घरची गोष्ट बांधायची असेल तर आज रात्री मुलाच्या अंथरुणावर, मुलाच्या उंचीवर, दिवा मालवून पाच मिनिटं पडून राहा आणि ऐकू येतील ते आवाज लिहून काढा. त्यातले तीन निवडा, चौथं आपलं नाव घाला. पहिले काही दिवस मूल मध्येच उठून बसेल, प्रश्न विचारील. गोष्ट बदलू नका, निदान दोन आठवडे तरी तीच, त्याच शब्दांत सांगा. आणि दरम्यान नळ दुरुस्त केलात, तर टपटप गोष्टीतून काढून टाकायचं की ठेवायचं, ते मुलालाच विचारा, पण दिवसा.